दुकानं सारखी वाटली, तरी एकाचंच बीट का अडतं? सोलापुरात चार सेल्समनच्या हद्दी आखताना

तक्रार ठरलेली असते. चार सेल्समन, सहाशे दुकानं, प्रत्येकाला दीडशे. कागदावर यापेक्षा सरळ वाटणी होऊ शकत नाही. तरी महिनाअखेरीला नवी पेठ-चाटी गल्ली करणाऱ्याची दुकानं राहिलेली असतात, जुळे सोलापूरवाला साडेतीनलाच गोडाऊनला परतलेला असतो आणि मोहोळ-अक्कलकोट करणारा पेट्रोलच्या पावत्या टेबलावर आपटत असतो. मालक वैतागून हद्दी बदलतो. दोन-तीन महिने शांततेत जातात. मग तीच तक्रार पुन्हा येते, फक्त तोंड वेगळं असतं.

इथे उदाहरण घेतलंय ते किराणा मालाच्या वितरकाचं. गोडाऊन हैदराबाद रोडला मार्केट यार्डाजवळ, सेल्समन दुचाकीवर फिरून ऑर्डर घेतात, माल दुसऱ्या दिवशी टेम्पोनं जातो. औषधं, रंग, हार्डवेअर, ऑटो पार्ट यांच्यात भेटीची मिनिटं बदलतील, हिशोबाची रीत तीच राहील. आकडे समजावण्यासाठी सोपे घेतले आहेत. तुमचे तुम्ही भरा.

आधी पाहा, दुखणं हद्दीचंच आहे का

हद्दी हलवण्याआधी दोन शंका फेडून घ्या. पहिली, माणसं मुळातच कमी तर नाहीत ना. एकूण काम चौघांच्या एकूण वेळेपेक्षा जास्त असेल, तर वाटणी कशीही करा, कुणीतरी मागे पडणारच. दुसरी, प्रश्न हद्दीचा आहे की माणसाचा. ऑर्डर ॲपमध्ये किंवा बिलाच्या नोंदीत प्रत्येक ऑर्डरची वेळ असते. मागच्या चार आठवड्यांची राहिलेली दुकानं काढा आणि ती कुठल्या बीटमधली, म्हणजे एका दिवसात फिरायच्या कुठल्या पट्ट्यातली आहेत ते बघा. दर वेळी त्याच दोन-तीन बीटमधली, त्याच वारी राहत असतील, तर दोष हद्दीचा. आज इथली, उद्या तिथली राहत असतील, तर रजा, मालाची टंचाई किंवा माणूस यांपैकी काहीतरी आहे आणि नकाशा बदलून ते सुटणार नाही.

याच नोंदीतून भेटीचा वेळही निघतो. लागोपाठच्या दोन ऑर्डरींमधलं अंतर म्हणजे एक भेट आणि पुढच्या दुकानापर्यंतचा प्रवास. या अंतरांची सरासरी काढू नका, कारण जेवणाची सुट्टी आणि पंक्चर झालेलं चाक तिच्यात मिसळतं. सगळी अंतरं चढत्या क्रमानं लावून बरोबर मधली संख्या घ्या. एक्सेलमध्ये `MEDIAN` हेच करतं. एक गोष्ट मात्र या नोंदीत दिसत नाही: ज्या दुकानात जाऊनही ऑर्डर मिळाली नाही, ती भेट. म्हणून प्रत्येक सेल्समनबरोबर एक दिवस कुणीतरी घड्याळ घेऊन फिरावं. रिकाम्या भेटी किती आणि वसुलीसाठी ताटकळण्यात किती वेळ जातो, हे दुसऱ्या कुठल्याही मार्गानं कळत नाही.

दुकान मोजायचं नाही, तास मोजायचे

दीडशे दुकानं म्हणजे दीडशे सारखी कामं नव्हेत. टिळक चौकातल्या होलसेलरकडे दर आठवड्याला जावं लागतं, तिथं मागचा हिशोब जुळवायचा, स्कीम समजावायची, बदलीचा माल बघायचा. अर्धा तास सहज जातो. शेळगीतल्या कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानाला पंधरवड्यातून एकदा दहा मिनिटं पुरतात. या दोघांना सारखं मोजलं की वाटणी पहिल्याच ओळीत बिघडते.

दुकानांचे तीन वर्ग करा आणि हिशोब चार आठवड्यांच्या फेरीवर ठेवा. महिन्यावर ठेवला तर कधी २४, कधी २७ दिवस येतात आणि तुलना फसते. आपल्या उदाहरणात:

‘अ’ वर्ग: चार भेटी, प्रत्येकी ३० मिनिटं, म्हणजे फेरीला २ तास.
‘ब’ वर्ग: चार भेटी, प्रत्येकी १५ मिनिटं, म्हणजे १ तास.
‘क’ वर्ग: दोन भेटी, प्रत्येकी १० मिनिटं, म्हणजे २० मिनिटं.

म्हणजे एक ‘अ’ दुकान सहा ‘क’ दुकानांइतकं काम मागतं. वर्ग ठरवताना फक्त विक्री बघू नका. विक्री मोठी पण मालक फोनवर ऑर्डर देतो, असं दुकान कामाच्या हिशोबात ‘क’ असू शकतं. उलट विक्री बेताची पण उधारी दोन हप्त्यांत घ्यावी लागते, असं दुकान वेळ खातं. विक्रीचा वर्ग टार्गेटसाठी, वेळेचा वर्ग हद्दीसाठी. दोन वेगळे रकाने ठेवा.

एका माणसाची क्षमता: दिवसाला बाजारातले निव्वळ ७ तास, आठवड्याला ६ दिवस, चार आठवडे. २४ दिवसांचे १६८ तास. सकाळची मीटिंग, गोडाऊनमधला हिशोब आणि जेवण यांत धरलेलं नाही. सोलापूरचा उन्हाळा लक्षात घ्या: एप्रिल-मेमध्ये गावाकडची दुकानं भर दुपारी शटर ओढतात, तेव्हा बाहेरच्या बीटला हे सात तास मिळत नाहीत. तेवढ्यापुरती त्या बीटची क्षमता कमी धरावी.

प्रवास दुकानाला नाही, दिवसाला चिकटतो

वाटणी पुन्हा पुन्हा बिघडते ती बहुतेक इथे. प्रवासाचा खर्च दुकानामागे भागून धरला जातो: ‘अक्कलकोटची ३० दुकानं, प्रत्येकी अमुक किलोमीटर’. मग कुणीतरी त्यातली पाच दुकानं काढून दुसऱ्याला देतो आणि प्रवास त्या प्रमाणात कमी झाला असं मानतो. तसा तो होत नाही. गोडाऊनपासून अक्कलकोट सुमारे ४० किलोमीटर. तिथं ३० दुकानं असोत की २५, गाडीला जाऊन-येऊन ८० किलोमीटर पडतातच. उलट ती पाच दुकानं ज्याला दिली, त्यालाही आता एक अक्कलकोट फेरी लागली. एकाचं ओझं हललं नाही आणि दुसऱ्याचं वाढलं.

म्हणून प्रवासाचे दोन भाग करा. पहिला, गोडाऊन ते पहिलं दुकान आणि शेवटचं दुकान ते गोडाऊन. हा दर दिवशी एकदा लागतो, दुकानांच्या संख्येशी त्याचा संबंध नाही. दुसरा, बीटच्या आतला. याचा अंदाज एका जुन्या सूत्रानं चांगला येतो. एका क्षेत्रात विखुरलेल्या पुष्कळ ठिकाणांना भेट देणाऱ्या सर्वांत लहान फेरीची लांबी साधारण ०.७ गुणिले (ठिकाणं × क्षेत्रफळ) यांचं वर्गमूळ इतकी असते. हे वर्गमुळाचं प्रमाण १९५९ मध्ये बिअर्डवूड, हॉल्टन आणि हॅमर्सली यांनी सिद्ध केलं, ०.७ हा आकडा प्रत्यक्ष मोजण्यांतून आलेला अंदाज आहे. ते अंतर सरळ रेषांचं, म्हणून रस्त्यांच्या वळणांसाठी १.३ ने गुणायचं:

```
=1.3*0.7*SQRT(22*0.5)
```

पेठांमधलं बीट: दिवसाला २२ दुकानं, अर्धा चौरस किलोमीटर. उत्तर येतं सुमारे ३ किलोमीटर. पेठेत गर्दी आणि गाडी लावण्याची कटकट धरून ताशी ८ चा वेग घेतला तर २३ मिनिटं. जुळे सोलापूरचं बीट: दिवसाला १८ दुकानं, ५ चौरस किलोमीटर. उत्तर सुमारे साडेआठ किलोमीटर. ताशी १२ ने ४३ मिनिटं. क्षेत्र दहापट झालं तरी अंतर तिप्पटसुद्धा झालं नाही, हे बघण्यासारखं आहे. विरळ वस्तीतल्या सेल्समनचा ‘आमचा एरिया लई मोठा’ हा दावा खरा असतो, पण तो सांगतो तितका नाही.

दुकानं एकाच बाजाररस्त्याला ओळीनं असतील तर हे सूत्र जास्त अंतर दाखवतं. तिथं रस्त्याची लांबी दुप्पट करून धरा.

आणखी एक सापळा सरळ रेषेचा. ग्राहकांचे अक्षांश-रेखांश टाकून त्यावरून अंतर काढलं की पक्ष्याचं अंतर मिळतं, गाडीचं नाही. सोलापुरात रेल्वेरूळ शहर चिरत जातो आणि ओलांडायच्या जागा मोजक्या आहेत. रुळांच्या दोन बाजूंना समोरासमोर दिसणारी दुकानं प्रत्यक्षात वळसा घालून येणारी असतात. बाहेर सीना नदी हेच करते: पुणे रस्त्यावर लांबोटीला, मंगळवेढा रस्त्यावर तिऱ्ह्याला आणि विजापूर रस्त्यावर वडकबाळला मोठे पूल आहेत. नदीच्या अल्याड-पल्याडची दोन गावं नकाशावर एकाच ठिपक्यासारखी दिसली, तरी त्यांच्यामध्ये किती रस्ता आहे ते मॅपवर दुचाकीचा मार्ग काढून बघा. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा महामार्गसुद्धा बंद झाला होता. नदीपलीकडच्या बीटला पावसाळ्यात एक पर्यायी दिवस राखून ठेवलेला बरा. नियम सोपा: रूळ आणि नदी या बीटच्या काठच्या रेषा मानायच्या, बीटच्या मधून जाऊ द्यायच्या नाहीत.

मूळ वाटणीचा हिशोब

आता आपली ६०० दुकानं. ‘अ’ ६०, ‘ब’ २४०, ‘क’ ३००. चार हद्दी, प्रत्येकी १५०:

| हद्द | अ | ब | क | दुकानांतले तास | प्रवासाचे तास | एकूण |
|---|---|---|---|---|---|---|
| पेठा (नवी पेठ, चाटी गल्ली, टिळक चौक, साखर पेठ) | ३३ | ८७ | ३० | १६३ | २० | १८३ |
| पूर्व (अशोक चौक, निलम नगर, विडी घरकुल) | १२ | ६३ | ७५ | ११२ | २४ | १३६ |
| दक्षिण (जुळे सोलापूर, विजापूर रोड, सैफुल) | ९ | ६० | ८१ | १०५ | ३० | १३५ |
| बाहेर (मोहोळ, अक्कलकोट, मंद्रूप, वाटेतली गावं) | ६ | ३० | ११४ | ८० | ९० | १७० |

एकूण ६२४ तास, सरासरी १५६. क्षमता १६८. म्हणजे माणसं पुरेशी आहेत, फक्त ओझं वाकडं आहे. पेठवाल्याकडे क्षमतेपेक्षा १५ तास जास्त काम आहे. हे १५ तास म्हणजेच दर फेरीला राहणारी त्याची दुकानं. तो आळशी नाही. आणि जुळे सोलापूरवाला साडेतीनला परततो तो कामचुकार म्हणून नव्हे, त्याच्याकडे काम दिवसाला साडेपाच-पावणेसहा तासांचंच आहे म्हणून.

प्रत्येक बीटचा हिशोब शीटमधून काढण्यासाठी: `D` मध्ये बीटचं नाव, `F` मध्ये फेरीतल्या भेटी, `G` मध्ये भेटीची मिनिटं ठेवा. बीटची यादी `J` मध्ये.

```
=SUMPRODUCT((D$2:D$601=J2)*F$2:F$601*G$2:G$601)/60
```

हे `K` मध्ये आलं. `L` मध्ये त्या बीटचे फेरीतले दिवस, `M` मध्ये जाण्यायेण्याची मिनिटं, `N` मध्ये आतली मिनिटं:

```
=K2+L2*(M2+N2)/60
```

इथे चुकतं ते बीटच्या नावांत. ‘साखर पेठ’ आणि ‘साखरपेठ’ ही शीटसाठी दोन वेगळी बीटं आहेत. नावं हातानं टाइप करू देऊ नका, यादीतून निवडायला लावा. आणि सगळ्या बीटच्या दुकानांची बेरीज ६०० येते का ते एकदा पडताळा. एखादं दुकान बीटविना राहिलं तर सूत्र तक्रार करत नाही, मुकाट्यानं सोडून देतं.

दुकान नव्हे, अख्खं बीट हलवा

ओझं हलवताना सुटी दुकानं उचलण्याचा मोह होतो: पेठेतली सात इकडे, चार तिकडे. त्यातून एकाच गल्लीत दोन सेल्समन फिरू लागतात आणि दुकानदार दोघांना एकमेकांविरुद्ध खेळवतो, ‘त्यानं स्कीम जास्त दिली’ म्हणून. हलवायचं एकक बीटच. आणि तेही हद्दीच्या काठावरचं, ज्याला देतोय त्याच्या सध्याच्या बीटला लागून असलेलं.

आपल्या उदाहरणात पेठांच्या पूर्व काठावर साखर पेठ-जोडभावी पेठ हे बीट आहे: ‘अ’ ४, ‘ब’ १२, ‘क’ ६. दुकानं २२ आणि तासही २२. ते पूर्वेच्या सेल्समनकडे दिलं. पेठवाल्याचे २२ तास आणि प्रवासाचे २ तास सुटले: १८३ वरून १५९. पूर्वेला २२ आणि प्रवासाचा १ तास वाढला: १३६ वरून १५९. दोघांच्या प्रवासात फरक पडला तो पूर्वेचा माणूस तसाही जवळून जातो म्हणून.

बाहेरच्याकडून मंद्रूप बीट काढलं: ‘ब’ ६, ‘क’ १२, म्हणजे १० तास, शिवाय चार खेपांचे मिळून प्रवासाचे ६ तास. १७० वरून १५४. ते दक्षिणेला दिलं. विजापूर रोडच्या टोकाला तो आधीच असतो, तिथून वडकबाळमार्गे मंद्रूपला जाऊन यायला त्याला चार खेपांचे ५ तासच वाढले. १३५ वरून १५०.

नवी स्थिती: १५९, १५९, १५०, १५४. सरासरीपासून कुणीही ५ टक्क्यांपलीकडे नाही. दुकानं मात्र झाली १२८, १७२, १६८ आणि १३२. हा तक्ता दाखवला की पहिल्या मीटिंगमध्ये आरडाओरडा होतो, ‘मला १७२ आणि त्याला १२८?’ म्हणून दुकानांच्या शेजारी तास छापल्याशिवाय यादी वाटू नका.

जास्त ओझ्याची आणि कमी ओझ्याची हद्द एकमेकींना लागून नसतील तर मधल्यामार्फत हलवा: पहिल्याचं काठचं बीट दुसऱ्याला, दुसऱ्याचं पलीकडच्या काठचं तिसऱ्याला. थेट उडी मारून दिलेलं बीट बेटासारखं पडतं आणि पुढच्या फेरीत प्रवासाच्या रूपानं वसूल होतं. ५ टक्क्यांच्या आत आल्यावर थांबा. त्याहून बारीक जुळवणीला अर्थ नाही, कारण भेटीच्या मिनिटांचा तुमचा अंदाजच तितका नेमका नसतो.

पूर्ण नव्यानं आखणी करायची झाली तर सुरुवात शहराच्या मध्यापासून करू नका. सर्वांत लांबच्या टोकांपासून आत या. मध्यापासून सुरू केलं की चांगली, दाट बीटं आधी संपतात आणि शेवटच्या माणसाच्या वाट्याला चारही दिशांचे उरलेले तुकडे येतात. नकाशावर जवळजवळची दुकानं एकत्र करणारी सॉफ्टवेअर वापरत असाल तर हेही ध्यानात ठेवा: साधी गट पाडणारी पद्धत फक्त जवळीक बघते, ओझं बघत नाही. तिच्याकडून बीटं पाडून घ्या, हद्दी नकोत.

तास जुळले, किलोमीटर नाहीत

आता खरी अवघड तक्रार. तास सारखे आहेत, पण मूळ वाटणीत पेठवाला दिवसाला १५ किलोमीटर चालवत होता, पूर्वेचा २०, दक्षिणेचा २५ आणि बाहेरचा ९५. २४ दिवसांचे ३६०, ४८०, ६०० आणि २,२८०. मंद्रूप हलवून यात फारसा फरक पडत नाही. पेट्रोलचा भत्ता किलोमीटरवर दिला तरी पाठ त्याचीच दुखते आणि पावसात तोच भिजतो. बाहेरच्या हद्दीवरचा माणूस टिकत नाही, नवा येतो, दुकानांशी ओळख तुटते.

याचं मूळ हद्दीच्या आकारात आहे. शहर तिघांना आणि भोवतालचं कडं चौथ्याला, अशी ही वाटणी. सोलापूरचे रस्ते मात्र शहरातून बाहेर फुटतात: पुणे, तुळजापूर, हैदराबाद, अक्कलकोट, होटगी, विजापूर, मंगळवेढा. अशा ठिकाणी हद्द पाकळीसारखी आखावी: शहरातला एक तुकडा आणि त्याच बाजूनं बाहेर जाणारा रस्ता, दोन्ही एकाकडे. पूर्वेच्याकडे अशोक चौक, विडी घरकुल आणि पुढे वळसंग-अक्कलकोट. दक्षिणेच्याकडे जुळे सोलापूर आणि मंद्रूप. तिसऱ्याकडे पेठांचा पश्चिम भाग, पुणे नाका, बाळे आणि मोहोळ. चौथ्याकडे उरलेल्या पेठा, शेळगी आणि उळे-बोरामणी. मंद्रूपची हलवाहलव ही याच दिशेची पहिली पायरी होती.

यानं एकूण किलोमीटर वाढतील अशी भीती असते. चौघेही सकाळी एकाच गोडाऊनमधून निघत असतील तर वाढत नाहीत, कारण लांबचा प्रवास दिवसाला चिकटतो. बाहेरचे २४ दिवस आधी एकाचे होते, आता चौघांत सहा-सहा झाले. सहा दिवस ९५ किलोमीटरचे म्हणजे ५७०. उरलेले १८ दिवस शहरात सरासरी २० चे म्हणजे ३६०. प्रत्येकी ९३०, आणि चौघांचे मिळून आधीसारखेच ३,७२०. प्रत्यक्षात इतकं काटेकोर जमत नाही. अक्कलकोटचा दिवस बोरामणीच्या दिवसापेक्षा कितीतरी लांबचा, म्हणून अक्कलकोटवाल्याला बाहेरचे दिवस चार-पाचच द्या आणि बोरामणीवाल्याला सात-आठ. पेठा दोघांत विभागल्या गेल्यामुळे चारही हद्दींचे तास पुन्हा शीटमधून काढून काठची बीटं एकदा सरकवावी लागतील.

पाकळ्या कुठे चालत नाहीत तेही सांगायला हवं. बाहेरचा सेल्समन मोहोळलाच राहत असेल आणि सकाळी गोडाऊनला यायची त्याला गरज नसेल, तर त्याचा जाण्यायेण्याचा प्रवास मुळातच नाही. कडं तोडून तुम्ही तो नव्यानं तयार कराल. बार्शी, पंढरपूर सत्तरेक किलोमीटरवर आहेत. जाऊन-येऊन दीडशेच्या आसपास, म्हणजे दिवसाचे चार तास रस्त्यावर. हे कुठल्याच पाकळीत रोजच्या कामासारखं बसत नाही. करमाळा तर सव्वाशे किलोमीटरच्या पुढे. तिथं स्थानिक माणूस किंवा सब-स्टॉकिस्ट लागतो. हे तालुके या चौघांच्या शीटमध्ये घुसवले की वर्षभर दर महिन्याला हद्दी बदलत बसावं लागेल. तुळजापूर रस्त्यानं पुढे गेलं की धाराशिव जिल्हा लागतो. कंपनीनं तुमची नेमणूक कुठपर्यंत दिली आहे ते पाकळी ओढण्याआधी बघा.

तीन महिन्यांनी पुन्हा का बिघडतं

नवी दुकानं शहरभर सारखी उघडत नाहीत, वाढत्या वस्तीत उघडतात. जुळे सोलापूरच्या पुढे, होटगी रोडला बांधकाम वाढलं की तिथल्या सेल्समनचे तास दर महिन्याला थोडे वाढतात आणि पेठांचे तसेच राहतात. नवं दुकान शीटमध्ये चढवताना वर्ग आणि बीट भरल्याशिवाय कोड द्यायचा नाही, एवढा नियम पाळला तर हे वेळेत दिसतं. बंद पडलेली दुकानं यादीत ठेवणं ही याचीच उलटी बाजू. तीन फेऱ्या ऑर्डर नाही आणि शटर बंद, तर नाव काढा.

पण फुगवटा दिसला की लगेच हद्द हलवू नका. एखाद्या फेरीत सण येतो. आषाढीला पंढरपूरकडचे रस्ते वारकऱ्यांनी भरतात, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत शहराच्या मध्यातली हालचाल मंदावते. त्या फेरीतले आकडे खोटं बोलतात. लागोपाठ दोन साध्या फेऱ्यांत एखादी हद्द सरासरीपासून १० टक्क्यांपलीकडे गेली तरच एक काठचं बीट हलवा, आणि एकच. सगळा नकाशा दर तिमाहीला फिरवणाऱ्यांच्या हद्दी कधीच स्थिर होत नाहीत, कारण नव्या बीटमध्ये पहिली फेरी प्रत्येकालाच जास्त वेळ लागतो आणि तो वाढीव वेळ पाहून ते पुन्हा हलवतात.

बाजाराचा वार बीटच्या रकान्यात लिहून ठेवा. गावाच्या आठवडी बाजाराच्या दिवशी दुकानदाराला मान वर करायला फुरसत नसते. पंधरा मिनिटांची भेट तासावर जाते किंवा ‘उद्या या’ ऐकून परतावं लागतं. बाजाराच्या आदल्या दिवशीचा वार सर्वांत चांगला, त्याला मालही भरायचा असतो. अक्कलकोटला गुरुवारी स्वामींच्या दर्शनाची गर्दी असते, तेव्हा मंदिराच्या आसपासचं बीट दुसऱ्या वारी ठेवा. हद्द बरोबर आणि वार चुकीचा असेल तरी लक्षण तेच दिसतं: काम उरतं.

बीट हस्तांतर करताना

बीट हलवल्यावर उधारी कुणाची, यावर सगळं अडतं. हलवायच्या आधी दुकानवार येणं छापा, जुना आणि नवा दोघांनी मिळून दोन खेपा एकत्र कराव्यात, आणि येण्यावर दुकानदाराची सही घ्यावी. सहीच्या तारखेपर्यंतची वसुली जुन्याच्या खात्यावर, पुढची नव्याच्या. हे न करता बीट दिलं तर जुनी थकबाकी कुणीच मागत नाही आणि दुकानदार तेच गृहीत धरतो.

टार्गेटही बीटबरोबर हललं पाहिजे. साखर पेठ-जोडभावी पेठ बीटची मागच्या वर्षीची त्याच महिन्यांची विक्री पेठवाल्याच्या टार्गेटमधून वजा करा आणि पूर्वेच्या टार्गेटमध्ये मिळवा. नाहीतर चांगलं बीट सोडणाऱ्याचा इन्सेन्टिव्ह बुडतो आणि पुढच्या वेळी तो आपल्या दुकानांचे वर्ग खाली दाखवू लागतो, म्हणजे हद्द आहे तशी राहील. वर्ग सेल्समनला विचारून ठरवू नका. ऑर्डरच्या वेळांवरून ठरवा आणि त्याला दाखवा. तासांची बरोबरी झाली म्हणून विक्रीचीही होईल अशी अपेक्षा ठेवू नका: पेठांमधली १२८ दुकानं विडी घरकुलच्या बाजूच्या १७२ पेक्षा जास्त विकतीलच.